हॉलचा एसी गळतो तेव्हा आधी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद करा (फ्लॅटची किल्ली देतानाची चिठ्ठी)

नमस्कार,

परवा किल्ल्या देताना घाई झाली आणि तुमचं सामान लिफ्टमध्ये अडकलेलं होतं, म्हणून एसी, गीझर आणि एक्झॉस्टबद्दल जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. या तीन वस्तूंच्या तक्रारी आम्ही इथे नऊ वर्षं राहताना पुन्हापुन्हा भोगल्या आहेत, आणि त्यातल्या दोन अशा आहेत की येणारा प्रत्येक कारागीर त्यांचं चुकीचं कारण सांगतो. पैसे त्याला द्यायच्या आधी हे वाचा.

पहिली तक्रार तुम्हाला जूनच्या शेवटी भेटेलच. हॉलमधला दीड टनाचा एसी रात्री आठ-साडेआठच्या सुमारास गुडगुड आवाज करायला लागतो, जसं कोणी आत हुक्का ओढतंय, आणि थोड्या वेळाने त्याच्या डाव्या कोपऱ्यातून सोफ्यावर पाणी टपकतं. सकाळी उठून बघाल तर एसी अगदी शहाण्यासारखा चालू. बेडरूमच्या एक टनाच्या एसीला हा रोग नाही.

आमच्याकडे हे पहिल्यांदा झालं २०१९च्या पावसाळ्यात. तीन वेळा माणूस बोलावला. पहिल्याने फिल्टर धुतले. दुसऱ्याने पाण्याच्या पाइपात ब्लोअरने हवा मारली आणि म्हणाला, शेवाळ होतं, निघालं. तिसऱ्याने युनिट भिंतीवर तिरकं बसलंय म्हणून खाली उतरवून पुन्हा लावलं. प्रत्येकाने काम झाल्यावर अर्धा तास एसी चालवून दाखवला, एक थेंब पडला नाही, आणि प्रत्येक वेळी त्याच आठवड्यात संध्याकाळी सोफा ओला.

उलगडा झाला तो एका रविवारी. बाहेर धो धो पाऊस, सगळ्या खिडक्या बंद, स्वयंपाकघरात सुरमई तळायला घेतलेली, म्हणून एक्झॉस्ट जोरात. एसीची गुडगुड सुरू झाली. मासे झाले, मी एक्झॉस्टचं बटण बंद केलं, आणि त्याच क्षणी बाल्कनीत एसीच्या पाइपातून भसकन तांब्याभर पाणी पडलं. म्हणजे पाइप तुंबलेला नव्हताच. पाणी आत अडवून धरलं होतं, आणि ते धरलं होतं एक्झॉस्टने.

हे कसं होतं ते सांगते, कारण एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. एसीच्या आतल्या थंड जाळीवर खोलीतल्या हवेतली ओल जमते आणि खालच्या पन्हाळीसारख्या अरुंद ट्रेमध्ये ठिबकते. त्या ट्रेतून एक बारीक पाइप भिंतीतून बाल्कनीत जातो आणि न्हाणी ट्रॅपपाशी मोकळा सुटतो. या पाण्याला पंप नाही, ते निव्वळ उतारावर वाहतं. पावसाळ्यात हे पाणी थोडंथोडकं नसतं. मी एकदा बादली लावून मोजलं, रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत नऊ लिटर. एप्रिलमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी असते की त्याच बादलीत तळाला जेमतेम पाणी दिसतं. म्हणून हा त्रास उन्हाळ्यात कधीच होत नाही.

आता स्वयंपाकघरातला नऊ इंची एक्झॉस्ट. तो आतली हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. पूर्वी आपल्या खिडक्या जुन्या अॅल्युमिनियमच्या होत्या, त्यांच्या फटींतून ती येत असे. २०१९च्या मे महिन्यात आम्ही रबर बसवलेल्या यूपीव्हीसीच्या खिडक्या लावल्या. धूळ थांबली, रस्त्याचा आवाज थांबला, आणि हवाही थांबली. मग एक्झॉस्ट जिथून मिळेल तिथून हवा ओढतो, आणि घरात राहिलेलं एक भोक म्हणजे एसीचा पाण्याचा पाइप. बाहेरची हवा त्या पाइपातून वर चढते, पाणी खाली येऊ देत नाही, बुडबुडे काढत ट्रेमध्ये शिरते. तीच ती गुडगुड. ट्रेची खोली बोटाच्या पेराएवढी. दहा-पंधरा मिनिटांत ती काठोकाठ भरते आणि पाणी सोफ्यावर.

बेडरूमचा एसी वाचतो, कारण तिथलं दार लावलेलं असतं आणि ती ओढ तिथपर्यंत फारशी पोहोचत नाही. हॉल आणि स्वयंपाकघर मात्र मधली भिंत पाडून एकच केलेलं आहे.

आणि तिन्ही कारागिरांना हे का दिसलं नाही? ते दुपारी आले, तेव्हा गॅस बंद, एक्झॉस्ट बंद. शिवाय तिघेही बाहेरचं युनिट बघायला बाल्कनीत गेले आणि सरकतं दार उघडं टाकून गेले. दार उघडलं की हवेला मोठा रस्ता मिळतो आणि रोगच नाहीसा होतो. माणसं वाईट नव्हती, पण त्यांनी जे केलं त्याचा या गळण्याशी काही संबंध नव्हता.

खात्री करायची असेल तर उदबत्ती पुरते. एसी चालू, खिडक्या सगळ्या बंद, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू. उदबत्ती पेटवून बाल्कनीत जा आणि सरकतं दार तुमच्या मागे पूर्ण लावून घ्या. याशिवाय परीक्षेला अर्थ नाही. दार आतून लॉक होत नाही ना, एवढं आधी बघा, मी एकदा पावसात वीस मिनिटं बाहेर उभी होते. आता पाइपाच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर सरळ पाइपात ओढला गेला तर रोग हाच. आतल्या माणसाला एक्झॉस्ट बंद करायला सांगा. धूर लगेच वर जायला लागेल आणि मागोमाग पाणी येईल, तेव्हा हात बाजूला घ्या.

उपाय दोन आहेत. रोजचा आणि फुकटचा उपाय म्हणजे एक्झॉस्ट लावताना स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी ठेवणं. खिडकी एक्झॉस्टच्या अगदी शेजारची नको, नाहीतर बाहेर टाकलेली हवाच परत आत येते, सिंकवरची उघडा. वास आणि धूरही त्याने लवकर जातो, कारण हवा आत आल्याशिवाय पंखा बाहेर काही फेकूच शकत नाही, नुसता फिरत राहतो.

दुसरा उपाय मी कायमचा करून ठेवला आहे. बाल्कनीत एसीच्या पाइपाच्या टोकाला वाकवून इंग्रजी U सारखा आकार केलेला दिसेल, भिंतीला दोन क्लिपांनी पकडलेला. बेसिनखाली जसं पाणी साठून राहतं आणि गटाराचा वास अडतो, तसंच इथे त्या वाकात पाणी साठतं आणि हवा अडते. घरगुती एक्झॉस्टची ओढ पाण्याच्या मापात जेमतेम काही मिलिमीटर असते, आणि वाक दोन इंच खोल आहे, तेव्हा तो पुरून उरतो. पण त्याला दोन खोडी आहेत. उन्हाळ्यात तो सुकतो, म्हणून जूनमध्ये पहिल्यांदा गुडगुड ऐकू आली की पाइपाच्या टोकाकडून वाकात पाणी ओता, अर्धा पेला पुरतो. दुसरी खोड म्हणजे त्यात बुळबुळीत जेलीसारखा गाळ धरतो. पावसाळ्याआधी एकदा क्लिपा सोडून तो भाग नळाखाली धुवून घ्या, नाहीतर उपायच तुंबण्याचं कारण होईल.

वाक भरलेला आहे, खिडकी उघडी आहे, आणि तरी एसी गळतोय, असं झालं तर मात्र नेहमीची कारणं शोधा. बाल्कनीत जाऊन एवढंच बघा की पाइपातून पाणी येतंय का. तासभर एसी चालूनही बाहेर थेंब नाही आणि आत गळतंय, तर पाइप खरंच तुंबला आहे. बाहेरही येतंय आणि आतही गळतंय, तर पुढचं झाकण उचलून जाळीवर बर्फ धरला आहे का ते पाहा. बर्फ असेल तर कूलिंग बंद करून फक्त FAN वर दोन तास चालवा, खाली जुना टॉवेल पसरून, आणि फिल्टर धुवा. फिल्टर स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरला तर गॅस कमी झालाय, आणि तिथे माणूस बोलावण्याला पर्याय नाही. त्याला गळती शोधायला सांगा, नुसता गॅस भरून जाऊ देऊ नका. एसीतला गॅस वापराने संपत नाही. तो कमी झालाय म्हणजे कुठून तरी निघून गेलाय.

रिमोटबद्दल एकच. पावसाळ्यात उकाड्यापेक्षा चिकचिक जास्त असते, तेव्हा COOL वर १८ लावण्यापेक्षा २४-२५ वर ठेवून सोबत छताचा पंखा एकवर लावा. हा एसी चालू केला की आपोआप २४ वरच येतो, तो बिघाड नाही. १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबल असलेल्या खोलीच्या एसींना तसं कारखान्यातूनच ठेवणं बंधनकारक आहे. जुना एसी आम्ही त्यानंतर बदलला, पण पाइप तोच आणि भोकही तेच, त्यामुळे रोग नव्या एसीकडे वारसाहक्काने आला.

आता गीझर. पंधरा लिटरचा, दोन किलोवॉटचा, कॉमन बाथरूममध्ये. खालून दोन पाइप आहेत, निळ्या खुणेचा थंड पाण्याचा आणि लाल खुणेचा गरम पाण्याचा. थंड पाणी खालून शिरतं आणि वरचं गरम पाणी ढकलून बाहेर काढतं. म्हणून गच्चीवरच्या टाकीचं पाणी गेलं की गीझर गच्च गरम असला तरी नळाला गरम पाणी येत नाही. बटण लावल्यावर किती थांबायचं याचा हिशेब सोपा आहे: २५ अंशांचं पंधरा लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला दोन किलोवॉटला साधारण १८ मिनिटं लागतात. वीस मिनिटांनी दिवा विझला की बटण बंद करा आणि मग आंघोळीला जा. रात्रभर चालू ठेवून काहीच मिळत नाही.

याची वारंवार येणारी तक्रार अशी: सकाळी गीझर लावला की अख्ख्या घराची लाइट जाते. शेजारच्यांची असते, लिफ्ट चालू असते, फक्त आपली जाते. दाराजवळच्या डीबीत, म्हणजे खटक्यांच्या पेटीत, बघा. तिथे एक रुंद खटका आहे, त्यावर T लिहिलेलं छोटं बटण आहे, तो आरसीसीबी. बाकीचे अरुंद ते एमसीबी. या दोघांचं काम वेगळं आहे आणि इथेच वायरमन लोकही घोळ घालतात. एमसीबी पडतो तो जास्त करंट ओढला म्हणून किंवा शॉर्ट झाला म्हणून. आरसीसीबी पडतो तो करंट भलतीकडे, म्हणजे अर्थिंगला किंवा तुमच्या अंगातून, झिरपतोय म्हणून, आणि त्यासाठी ३० मिलिअँपिअर पुरे होतात. आरसीसीबी पडला असेल तर ‘लोड जास्त झाला’ हे कारण असूच शकत नाही. आमच्याकडे आलेल्या एकाने याच कारणावरून गीझरचा एमसीबी मोठा बसवून दिला. मी दुसऱ्या दिवशी तो काढून पुन्हा २०चा लावून घेतला. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा करणं म्हणजे वायर जळायला मोकळीक देणं.

खरं कारण आपल्या पाण्यात आहे. मार्चनंतर सोसायटीत टँकर येतात, ते बोअरचं जड पाणी. तुमच्या बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरेल तेव्हा कळेलच. तोच पांढरा खडू गीझरच्या आत एलिमेंटवर थरावर थर चढतो. उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट आतल्या आत तापून त्याच्या नळीला बारीक चीर जाते, पाणी आत शिरतं आणि करंट अर्थिंगला झिरपायला लागतो. आम्ही पहिल्यांदा एलिमेंट काढला तेव्हा तो चुन्यात बुडवून काढलेल्या जिलबीसारखा दिसत होता आणि टाकीच्या तळातून दोन मुठी खडे निघाले.

शोधायचं कसं? सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर आरसीसीबी पडेल त्या लाइनवर दोष. इतपर्यंत सगळे सांगतात. पण आपल्याकडे एक चकवा झाला होता. गीझरचं बटण बंद, तरी मिक्सर किंवा इस्त्री लावली की आरसीसीबी पडायचा. मिक्सर दुरुस्तीला गेला, इस्त्री नवी आली, फरक शून्य. कारण असं की भिंतीवरचं बटण आणि आपला एमसीबी दोन्ही फक्त फेजची वायर तोडतात. न्यूट्रल गीझरला जोडलेलाच राहतो. चीर एलिमेंटच्या न्यूट्रलकडच्या टोकाला असेल तर घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूचा परतीचा करंट थोडा त्या वाटेने अर्थिंगला जातो आणि आरसीसीबी पडतो. तेव्हा गीझरची परीक्षा घ्यायची तर बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून उपसून काढायचा, हात कोरडे आणि पायात स्लीपर असताना. प्लग काढल्यावर दिवसभर काही पडलं नाही तर मिक्सरला दोष देऊ नका, गीझरवाल्याला बोलवा.

तो आला की एलिमेंट बदलणं, टाकी धुणं आणि आतली मॅग्नेशियमची कांडी बदलणं ही तिन्ही कामं एकदमच करून घ्या, कारण टाकी एकदाच उघडावी लागते. कांडी ही टाकीऐवजी स्वतः गंजून घेणारी असते. ती पेन्सिलीइतकी बारीक झाली असेल तर तिचं आयुष्य संपलं. खर्च माझ्याकडे, पावती पाठवा. काम झाल्यावर बटण लावायच्या आधी गरम नळ सोडा आणि हवेचे फुसके थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. रिकाम्या टाकीत एलिमेंट लावला तर नवा कोरा एलिमेंट मिनिटांत जळतो. आमचा एक असाच गेला, कारागीर लिफ्टमध्ये असतानाच.

खडू कमी धरावा म्हणून गीझरचा खालचा नॉब शेवटापर्यंत फिरवू नका, अर्ध्याच्या थोडा पुढे ठेवा. पाणी जितकं जास्त तापेल तितका खडू जास्त बसतो. गीझर तापताना थंड पाइपावरच्या पितळी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी टपकतं, ते तसंच टपकू द्या. तापलेलं पाणी फुगतं, पंधरा लिटरला पेलाभर, आणि त्याला जायला तीच एक वाट आहे. तिथे बूच मारू नका, कोणी सांगितलं तरी. मात्र गीझर बंद असतानाही धार लागली असेल तर व्हॉल्व्ह खराब आहे.

महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं T दाबा. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर तो बदलेपर्यंत गीझर वापरू नका आणि मला त्याच दिवशी कळवा. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तरी हेच.

गॅस गीझर लावायचा विचार कराल, बरेच जण करतात, बिल कमी येतं म्हणून. या घरात मी त्याला परवानगी देणार नाही, आणि कारण वर एसीचं सांगितलं तेच. बंद घरात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट जर एसीच्या पाइपातून हवा ओढू शकतो, तर गीझरचा जळका वायूही बाथरूममध्ये मागे ओढू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

राहिले एक्झॉस्ट स्वतः. बाथरूमचा सहा इंची पंखा आंघोळीनंतर पंधरा मिनिटं चालवा, दार लावून. त्याला हवा दाराखालच्या फटीतून मिळते, म्हणून झुरळांसाठी तिथे रबराची पट्टी लावू नका. मागच्या भाडेकरूंनी लावली होती आणि एका पावसाळ्यात छताला काळी बुरशी आली. स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या बाहेरच्या पट्ट्या वाऱ्याने उघडतात आणि पंखा थांबला की मिटतात. फोडणीच्या तेलाने त्या चिकटतात. मिटलेल्या चिकटल्या तर हवा जात नाही, उघड्या चिकटल्या तर कबुतरं. दोन महिन्यांनी प्लग काढून पाती आणि पट्ट्या गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि भांड्यांच्या साबणाने पुसा, मोटारीवर पाणी उडवू नका. पंखा नुसता घुमतो आणि काठीने ढकलल्यावरच फिरतो, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, पंखा नवा घ्यायची गरज नसते.

एसीच्या पाइपाच्या जादा क्लिपा, एक कोरी मॅग्नेशियमची कांडी आणि टेस्टर डीबीच्या खालच्या खणात आहेत. उदबत्तीचा पुडाही तिथेच ठेवलाय.